मुलाखतींच्या हस्तलिखित पानांचे फोटो आहेत, थीम कशा पाडायच्या?

माणगंगा_काठ

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या एम.ए.च्या मुलांनी सांगोला-आटपाडी भागातल्या अकरा वयस्कर माणसांच्या मुलाखती घेतल्यात, विषय बहात्तरचा दुष्काळ. मुलांनी रेकॉर्डिंग ऐकून सगळं फुलस्केपवर हाताने उतरवून काढलं. वह्या त्यांच्याकडेच आहेत, माझ्याकडे पानांचे फोटो आहेत, सत्तरच्या आसपास. काही रेकॉर्डिंग मुलांच्या मोबाइलमधून गेलीसुद्धा, म्हणजे आता पानं हाच पुरावा.

यातून गावातल्या प्रदर्शनासाठी फलक करायचेत. एका फलकावर एक थीम, खाली त्याच माणसांच्या तोंडचे तीन-चार छोटे उतारे. मी गठ्ठे पाडले: काम, अन्न, पाणी, जनावरं, कर्ज, गाव सोडणं. विभागातल्या ज्येष्ठ बाई बघून म्हणाल्या, "ही तर तुझी प्रश्नावलीच झाली. थीम कुठंय?" त्यांचं म्हणणं थोडंफार कळतंय, पण मग करायचं काय ते कळत नाही. आणि उतारा किती छोटा घ्यावा?

टेकडीवरचा

स्कॅनर अ‍ॅप घ्या, कडा आपोआप कापतं, पीडीएफ होते. फोल्डर करून ठेवा काम, अन्न वगैरे नावाने, संपलं. एवढ्याला धागा कशाला?

माणगंगा_काठ

फोल्डर केलेलेच आहेत हो. अडचण अशी की एकाच पानावर काम, अन्न आणि कर्ज तिन्ही येतात. पान कुठल्या फोल्डरात टाकू?

अनघा_वाचते

पान हे एककच धरू नका. एक पान तीन गठ्ठ्यांत जाऊ शकतं, पण एक उतारा सहसा एकाच गठ्ठ्यात बसतो. गठ्ठे पानांचे न करता उताऱ्यांचे करायचे.

माझा सल्ला: सगळी पानं आधी टाइप करून घ्या. मोबाइलमध्ये अक्षर ओळखायची सोय असते, फोटोवरून मजकूर मिळतो. मग शब्द शोधा. 'सुकडी' किती जणांच्या बोलण्यात आली, 'खडी' किती जणांच्या. जो शब्द निम्म्याहून जास्त मुलाखतींत आला ती थीम. आकडा हातात असला की कुणी वाद घालत नाही.

जुनी_वही

अनघाताईंचं पहिलं वाक्य सोन्यासारखं, ते धरून ठेवा. दुसऱ्या भागाबद्दल थोडं बोलते. मी बरीच वर्षं एका संस्थेत हेच काम केलंय, हस्तलिखित मुलाखतींचंच.

छापील मराठी मोबाइलला बरं वाचता येतं. मुलांनी घाईत लिहिलेलं जोडाक्षरांचं अक्षर, त्यात फुलस्केपच्या रेघा आणि मागच्या बाजूची उमटलेली शाई, हे मिळून जो मजकूर हाती येतो तो दुरुस्त करायला टाइप करण्याइतकाच वेळ जातो. त्यात भर म्हणजे बोलीतले शब्द. 'व्हतं'चं 'होतं' कधी झालं ते तुमच्या लक्षातही येणार नाही. शोधायला जाल तर एका मुलाने 'सुकडी' लिहिलेलं असतं, दुसऱ्याने 'सुखडी', तिसऱ्याने 'ते पीठ'. शब्द मोजून तिघांपैकी एकच सापडेल.

सत्तर पानं टाइप करायची गरजच नाही. फोटोवरून वाचा आणि फक्त लागणारे उतारे टाइप करा, दीड-दोनशे उतारे होतील.

आता मूळ प्रश्न. 'अन्न' हा विषय झाला. त्याखाली लोकांनी काय सांगितलं ते अजून कळलेलं नाही. थीममध्ये काहीतरी विधान असतं, ज्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येतं. 'अन्न' ऐकून कुणी 'नाही, तसं नव्हतं' म्हणू शकत नाही. 'पैसा होता पण बाजारात धान्यच नव्हतं' ऐकून म्हणू शकतो. तुमच्या अकराजणांपैकी कुणी म्हणालंच असेल. ही कसोटी लावून बघा.

माणगंगा_काठ

वहीताई, हे पटलं. पण तिथवर जायचं कसं? मला पायरी दिसत नाही. एखादं उदाहरण मिळेल का? वाटल्यास चार-पाच उतारे इथे देते, माणसांची नावं काढून.

M03, पान ४: "खडीचा ढीग मोजाय कारकून यायचा. त्येच्या मनात आलं तर ढीग पुरा, न्हायतर अर्धा."

M05, पान ३: "पगार पंधरा दिसानं. तवर दुकानदार उधार देत नव्हता, म्हणायचा तुमी आज हितं उद्या कुटं."

M09, पान ५: "सुकडी आमी पदरात बांधून घरी न्यायचो. तितंच खाल्ली तर घरची म्हातारी काय खाणार?"

M11, पान २: "पयल्या हप्त्याच्या आधी गळ्यातलं मोडलं. काम लागलं व्हतं की, पर पैका कुटं लगीच."

M02, पान ६: "आमच्या तळ्यावर काय तरास न्हवता. गेलं की नाव लागायचं, शनवारी पगार."

जुनी_वही

झकास, यातच सगळं आहे. तुमच्या गठ्ठ्यांत हे कुठे गेले? M03 आणि M05 'काम'मध्ये, M09 'अन्न'मध्ये, M11 'कर्ज'मध्ये. तीन फोल्डर. म्हणून ते एकमेकांशेजारी कधी आलेच नाहीत.

आता गठ्ठे विसरा. प्रत्येक उतारा एका चिठ्ठीवर लिहा, आणि चिठ्ठीच्या मागे एका ओळीत लिहा की या माणसाला इथे कशाची अडचण आहे किंवा तो काय करतोय. विषय लिहायचा नाही. M05 मागे 'काम' लिहू नका, 'पगार येईपर्यंत उधारी नाही' लिहा. M11 मागे 'कर्ज' नको, 'पहिला पगार हाती येण्याआधी दागिना मोडला'. M09 मागे 'कामावरचं खाणं घरी वाटलं'. M03 मागे 'किती काम झालं ते कारकून ठरवणार'.

चिठ्ठ्या उलट्या करून फक्त मागच्या ओळी वाचा. M05 आणि M11 आपोआप शेजारी येतात. दोघं एकच सांगतायत: काम लागलं त्या दिवशी भूक थांबली नाही, मजुरी हातात पडेपर्यंत जगायची सोय स्वतःच करावी लागली. M09 पण जवळ येतो, कारण सुकडी ही त्या मधल्या दिवसांत रोज हातात पडणारी एकमेव गोष्ट होती. ही झाली थीम, आणि ती प्रश्नावलीत कुठेच नव्हती.

M03 मात्र इथे ओढून आणू नका. मोह होईल, कारण तोही मजुरीबद्दलच बोलतोय. पण त्याची तक्रार उशिराची नाही, मोजमापाची आहे. त्याच्यासारखे अजून दोन-तीन मिळाले तर त्यांची वेगळी थीम होईल, नाहीतर तो बाजूला राहील. बाजूला राहिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग असू द्यावा. तो शून्यावर आला तर समजावं की कुठेतरी बळजबरी झालीय.

रानमोगरा

माझे वडील पण ७२ ला रोजगार हमीवर होते, माण तालुक्यात. ते सांगायचे लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही. आणि जनावरं छावणीत सोडताना आजोबा रडले होते. तुमच्या मुलांनी छावणीचं विचारलंय का? नसेल तर अर्धा दुष्काळच राहिला म्हणायचा.

माणगंगा_काठ

जनावरांचा प्रश्न होता, छावणीचा असा नव्हता. तरी तिघांनी आपणहून सांगितलंय. एका आजींनी तर बैलाचं नाव घेऊन सांगितलं.

जुनी_वही

ते तीन उतारे जपून ठेवा. न विचारता आलेलं बोलणं वेगळ्या वजनाचं असतं, शेऱ्यात 'आपणहून' असं लिहा. याउलट मुलाने विचारलं असेल "सुकडी मिळायची ना?" आणि उत्तर असेल "हो, मिळायची", तर तो उतारा घेऊ नका. ते मुलाचं वाक्य आहे, आजोबांनी फक्त मान डोलावली. म्हणून चिठ्ठीवर उतारा उतरवताना त्याआधीचा प्रश्नही वाचायचा.

रानमोगरा यांच्या निमित्ताने आणखी एक. तुमच्या पानांतही कुणी ना कुणी '७२ ला रोजगार हमीवर होतो' म्हणालं असेल. त्या दोन वर्षांत लोक गेले ते बहुतेक सरकारच्या दुष्काळी कामांवर. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. वि. स. पागे यांची योजना त्याआधीची, पण आठवणीत या सगळ्याचं एकच काम झालेलं असतं. उतारा दुरुस्त करायचा नाही. जसाच्या तसा ठेवा आणि फलकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात साल द्या. फक्त फलकाच्या मथळ्यात तुम्ही स्वतः 'रोजगार हमी' लिहू नका, तिथे ते तुमचं विधान होतं.

रानमोगरा

वडील गेले, आता विचारणार कुणाला. पण दगड फोडायचे एवढं खरं.

अनघा_वाचते

मी तरी आकड्यावर ठाम आहे. अकरापैकी दोघंच म्हणाले तर त्याला थीम कसं म्हणायचं? उद्या प्रदर्शनात कुणी विचारलं 'हे सगळ्यांचं होतं का', तर काय सांगणार?

जुनी_वही

सांगणार की 'दोघं म्हणाले'. फलकावर लिहायचंच ते. निम्म्यांची अट घातली तर दोघींनीच सांगितलेलं, पण ज्याने बाकीच्यांचं बोलणं उलगडतं असं काही असेल ते बाहेर पडतं. आणि 'पाणी नव्हतं' हे अकराही जण म्हणतील, त्यात नवीन काहीच नाही.

पण मोजायची एक गोष्ट मात्र आहे, त्यात तुमच्याशी सहमत: एका थीमखालचे उतारे किती वेगवेगळ्या माणसांचे आहेत. दर अशा कामात एखादा बोलका असतोच. त्याच्या मुलाखतीची बारा पानं, बाकीच्यांची चार-पाच. चिठ्ठ्या लावता लावता थीम भरलेली दिसते आणि नीट बघितलं तर पाचपैकी चार चिठ्ठ्या त्या एकाच्याच. तेव्हा ती थीम नाही, ते एका माणसाचं चरित्र आहे. गूगल शीटमध्ये ठेवत असाल तर पहिल्या रकान्यात माणसाचा कोड, पाचव्यात थीमचा कोड, आणि हे सूत्र:

```
=COUNTUNIQUE(FILTER(A2:A300, E2:E300="T4"))
```

T4 खाली किती निरनिराळी माणसं आहेत तेवढाच आकडा येतो. एक आला तर थांबून विचार करा.

माणगंगा_काठ

M07 तसेच आहेत! एकटेच चौदा पानं. त्यांचे उतारे फार सुंदर म्हणून सगळीकडे तेच लागलेत, आत्ता बघितलं. आणि M02 चं काय करायचं? ते म्हणतात काही त्रास नव्हता, शनिवारी पगार. ते माझ्या थीमच्या विरोधात जातात.

जुनी_वही

त्याच फलकावर लावा, त्याच आकारात. ते तळ्याच्या कामावर होते, बाकीचे खडीवर. पगार वेळेवर मिळणं हे कामागणिक बदलत असेल, एवढंच आपल्याला म्हणता येतं. एकच साक्षीदार आहे, म्हणून 'तळ्यावर पगार वेळेवर होता' असं विधान करू नका. पण M02 काढून टाकले तर उरलेला फलक खोटा होईल.

टेकडीवरचा

मी वर जरा उडवून लावलं, पण आता एक कामाचं सांगतो, ऑफिसात स्कॅनिंगच करतो म्हणून. चॅटवर फोटो पाठवला की तो दाबला जातो, नाव बदलतं, आणि पानांचा क्रम गेलाच म्हणून समजा. मुलांना सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि फोटो काढण्याआधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने कोड लिहायला लावा. मग फाइलचं नाव काहीही होवो, फोटोतच दिसतं कुणाचं कितवं पान. नाव देताना `M04_p06.jpg` असं शून्य लावून द्या, नाहीतर काही ठिकाणी दहावं पान पहिल्यानंतर लगेच येऊन बसतं. मागची शाई दिसत असेल तर पानाखाली काळा कागद ठेवायचा, उमटलेलं बरंच कमी होतं.

जुनी_वही

टेकडीवरच्यांनी क्रमाचं काढलं ते बरं केलं, कारण सगळ्यात वाईट घोळ तिथेच होतो. पानाच्या शेवटी वाक्य संपतच नाही. समजा M04 च्या पान ६ ची शेवटची ओळ अशी आहे: "बायकांनी खडी फोडाय जायचं म्हंजी लाज, आसं समदी म्हणायची". फोटो इथे संपला. चिठ्ठी तयार, थीम 'लाज'. आणि पान ७ ची पहिली ओळ: "पर मला काय तसं वाटलं न्हाई, पोरं उपाशी ठिवून कसली लाज." उतारा पूर्ण उलटला. पान ७ दुसऱ्या दिवशी वाचलं असतं तर ही ओळ 'धीर' वगैरे थीमखाली गेली असती, आणि एकच बाई दोन फलकांवर एकमेकींच्या विरुद्ध बोलताना दिसली असती.

म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानाच्या पहिल्या दोन ओळींना लावून वाचल्याशिवाय त्यातून काही उचलायचं नाही. ओळ जुळत नसेल तर मधलं पान राहिलंय. मुलाला फोन करा.

माणगंगा_काठ

हे मी आज तपासलं. M08 चं पान ३ आणि ४ जुळतच नव्हतं. मुलाने पानाच्या मागच्या बाजूचा फोटोच काढला नव्हता.

उताऱ्याच्या लांबीचं राहिलं. M07 चं एक उत्तर अख्खं पाऊण पान आहे. त्यातून तीन ओळी कशा काढू? मधलं गाळून जोडलं तर चालेल का?

जुनी_वही

फलकावर उभ्याउभ्या वाचायचं आहे, म्हणजे एक ते तीन वाक्यं. गाळता येतं, पण गाळल्याच्या जागी तीन टिंबं हवीत, आणि गाळलेल्या भागात 'पण', 'नाही', 'फक्त' यातलं काही होतं का ते बघायचं. असेल तर तो भाग गाळता येत नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं टिंबांनी जोडायची नाहीत, मग मधला एकच शब्द गेलेला असला तरी. तुम्ही घातलेला शब्द चौकोनी कंसात, न लागलेल्या अक्षराच्या जागी [अवाच्य]. अंदाजाने भरलं की पुढचा माणूस तोच अंदाज खरा धरून चालतो. आणि उताऱ्याखाली कोड, पान, शक्य तर ओळ. कुणी शंका काढली तर मिनिटात फोटो उघडता आला पाहिजे.

एक तपासा: मुलाने काही ठिकाणी 'आजोबा म्हणाले की त्यांना त्रास झाला' असं लिहिलं असेल. ती मुलाची भाषा, अवतरणचिन्हात घालू नका.

अनघा_वाचते

मग बोलीचं काय? प्रदर्शनाला शाळेची मुलं येणार. 'न्हायतर', 'तितंच' वाचून हसतील. मी तर प्रमाण मराठीत करून घेईन, अर्थ तोच राहतो.

रानमोगरा

हसू देत की! गाव त्यांचंच, आजी त्यांचीच.

जुनी_वही

मी बदलणार नाही. पण अडचण वेगळीच आहे. पानावरची बोली आजोबांची की मुलाची, हे रेकॉर्डिंग नसेल तर कळणार कसं? एका मुलाने ऐकलं तसं उतरवलं असेल, दुसऱ्याने शाळेच्या सवयीने सरळ केलं असेल. मग एक आजी फलकावर 'अडाणी' दिसते आणि दुसरे आजोबा 'शिकलेले', केवळ लिहिणारा वेगळा म्हणून. रेकॉर्डिंग उरलेल्या मुलाखती एकदा ऐकून ताडून बघा. उरलेल्यांचं माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

माणगंगा_काठ

सहा मुलाखतींचं रेकॉर्डिंग आहे, पाचांचं नाही. त्या पाचांतल्या दोन पूर्ण प्रमाण मराठीत आहेत, आणि त्या दोन्ही एकाच मुलीने लिहिल्यात. तिला विचारते. बोलणारे दोघे अजून आहेत, उतारा त्यांना वाचून दाखवून 'असंच म्हणाला होतात का' विचारता येईल का?

जुनी_वही

जरूर. फलकावर लावणार हेही तेव्हाच सांगा. दागिना मोडल्याचं M11 ने मुलीला घरात सांगितलंय, गावासमोर भिंतीवर लावायला सांगितलेलं नाही. छोट्या गावात नाव काढून भागत नाही, 'तळ्यावर कामाला आणि तीन लेकरं' एवढ्यावरून कोण ते लोक ओळखतात.

अनघा_वाचते

पण वाचून दाखवल्यावर त्या आता वेगळंच म्हणाल्या तर? कुठलं लावायचं, तेव्हाचं की आताचं?

टेकडीवरचा

दोन्ही लावा, तारखेसकट.

अनघा_वाचते

तीन वाक्यांच्या फलकावर?